उभा टेम्पो ट्रॅकरवर रात्री फिरताना दिसतो, आणि रोज साधारण चार मिनिटं आधी: कारण, तपासणी, उपाय

प्रॉब्लेम आधी सांगतो. मावसभावाचा दुधाचा टेम्पो आहे, रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या गल्लीत लागतो आणि पहाटे चारला सुटतो. मधल्या वेळात इंजिन बंद, चावी ड्रायव्हरकडे. पण ट्रॅकरच्या नकाशावर पहाटे पावणेतीनच्या आसपास टेम्पो उठतो, समोरच्या मोकळ्या प्लॉटवरून काचेच्या मोठ्या बिल्डिंगच्या पलीकडे जातो, परत येतो, परत जातो, वीस-पंचवीस मिनिटं हे चालतं आणि मग शांत. सकाळी रिपोर्टमध्ये दोन-अडीच किलोमीटर जास्तीचे. भावाने सरळ अर्थ काढला की मामा रात्री गाडी काढतात (ड्रायव्हरना आम्ही सगळे मामाच म्हणतो, साठीला आलेत), आणि त्यांच्या पगारातून डिझेलचे पैसे कापले. मामा माझ्याकडे येऊन एवढंच म्हणाले, "भाऊ, मी झोपलेला असतो, तू बघ काय ते." गाड्यांना ट्रॅकर बसवायचं काम मी आठ-नऊ वर्षं करतोय, हा ट्रॅकर पण मीच बसवलेला, त्यामुळे हे मलाच सोडवायचं होतं.

आधी जे सगळे करतात ते केलं. अँटेना डॅशबोर्डखालून काढून काचेजवळ लावला. फरक नाही. मग अख्खं युनिट बदललं, त्याच मॉडेलचं दुसरं लावलं. पहिल्या रात्री काही झालं नाही म्हणून बरं वाटलं, पण त्या रात्री टेम्पो दुसरीकडे लागलेला होता हे नंतर कळलं. गल्लीत परत लागला आणि परत सुरू. म्हणजे युनिट खराब नाही, जागेचा काहीतरी संबंध आहे.

खरा धागा वेळेत सापडला. उडी कधी सुरू होते ते मी रोज वहीत लिहायला लागलो. ३ तारखेला २:४१, ४ ला २:३७, १० ला २:१३, १८ ला १:४१. पंधरा दिवसांत बरोबर एक तास मागे, म्हणजे रोज चार मिनिटं. माणूस चोरून गाडी काढत असेल तर रोज चार मिनिटं आधी काढणार नाही. आणि चार मिनिटं म्हटल्यावर लगेच लक्षात यायला पाहिजे, कारण तारे पण रोज चार मिनिटं आधी उगवतात. पृथ्वीची ताऱ्यांच्या हिशोबाने एक फेरी २३ तास ५६ मिनिटांची असते, आणि जीपीएसचे उपग्रह तेवढ्या वेळात पृथ्वीभोवती जवळपास नेमक्या दोन फेऱ्या मारतात. म्हणून आज २:४१ ला आभाळात जो उपग्रह जिथे आहे, उद्या २:३७ ला तोच परत तिथेच असतो. तुमच्या जागेवरून एखादा उपग्रह ठराविक ठिकाणी आल्यावर घोळ होत असेल, तर तो घोळ रोज चार मिनिटं आधी होणार. माझ्या युनिटमध्ये फक्त जीपीएस आहे म्हणून हे इतकं स्वच्छ दिसलं. नवीन युनिट ग्लोनास, गॅलिलिओ या जीपीएससारख्याच दुसऱ्या यंत्रणांचे उपग्रह पण ऐकतात, त्यांच्या फेऱ्यांचं गणित वेगळं असल्याने पॅटर्न रोजच्या रोज इतका सरळ दिसेलच असं नाही.

आता उपग्रह ठराविक जागी आल्यावर चूक का व्हावी, हे कळायला पोझिशन निघते कशी ते बघावं लागतं. लोकांना वाटतं उपग्रह आपल्याला वरून बघतो आणि सांगतो तू इथे आहेस. तसं काही नाही, उपग्रहाला आपण आहोत हेसुद्धा माहीत नसतं. साधारण २०,२०० किलोमीटरवरून तो फक्त रेडिओवर सतत सांगत असतो की मी अमुक, मी आत्ता इथे आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत. आपला रिसीव्हर तो सिग्नल पोचल्याची वेळ बघतो, निघाल्याची वेळ त्यातून वजा करतो आणि उरलेल्या वेळाला प्रकाशाच्या वेगाने गुणतो, की झालं अंतर. उपग्रह डोक्यावर असेल तर हा प्रवास सुमारे ६७ मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाचा पंधरावा हिस्सा. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते आणि एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर. म्हणजे घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं की अंतर ३०० मीटरने चुकलं. सगळा खेळ घड्याळाचा आहे तो असा.

उपग्रहातली घड्याळं म्हणून अणुघड्याळं असतात, रुबिडियम किंवा सीझियमची. जमिनीवरून त्यांच्यावर सतत लक्ष असतं, आणि कुठलं घड्याळ किती पुढे-मागे आहे ते उपग्रह स्वतःच्याच सिग्नलमधून आपल्याला कळवतो. ही घड्याळं वर गेल्यावर जमिनीपेक्षा दिवसाला साधारण ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात, वेग आणि गुरुत्वाकर्षण दोन्हींचा मिळून परिणाम, ते धरूनच त्यांची चाल आधी थोडी कमी ठेवलेली असते, नाहीतर अंतराच्या हिशोबात रोज अकरा किलोमीटरची भर पडली असती. आणि घड्याळंच गेली तर बाकी उपग्रह धडधाकट असूनही पोझिशनसाठी उपयोगाचा राहत नाही. नाविक या भारताच्या स्वतःच्या जीपीएससारख्या यंत्रणेत हे झालेलं आहे, २०१३ ला सोडलेल्या पहिल्या उपग्रहातली, आयआरएनएसएस-१ए मधली, तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडली आणि त्याच्या बदली उपग्रह पाठवायची वेळ आली. पुढे मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये भारतात बनवलेलं रुबिडियम घड्याळ बसवलं.

हे झालं वरचं. पण आपल्या टेम्पोतल्या ट्रॅकरमध्ये काय आहे, तर क्वार्ट्झचा एक बारका तुकडा. या किमतीतला चांगला घेतला तरी दहा लाखात एक वगैरे भाग चुकतो, म्हणजे एका सेकंदात एक मायक्रोसेकंद, म्हणजे दर सेकंदाला ३०० मीटर. अशा घड्याळावर अंतर मोजणं शक्यच नाही. मग चालतं कसं? इथेच या सगळ्या प्रकाराची खरी युक्ती आहे, आणि माझ्या प्रॉब्लेमचं मूळ पण इथेच आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

रिसीव्हरचं घड्याळ समजा एक मायक्रोसेकंद पुढे आहे. तर त्याला सगळेच उपग्रह ३०० मीटर जास्त लांब वाटतील. एक नाही, सगळे, आणि सगळे सारखेच. चूक किती आहे ते माहीत नाही, पण ती सगळ्या अंतरांत सारखी आहे हे नक्की माहीत आहे. मग रिसीव्हर ती चूक सरळ एक अज्ञात आकडा धरतो. जागेचे तीन अज्ञात, म्हणजे पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण आणि उंची, आणि चौथा अज्ञात स्वतःच्या घड्याळाची चूक. चार अज्ञात, म्हणून किमान चार उपग्रह. चारही अंतरं एका जागी जुळेपर्यंत तो घड्याळ पुढे-मागे करून बघतो असं समजा. जुळली की जागा पण मिळाली आणि वेळ पण. तुमच्या शे-दोनशे रुपयांच्या मॉड्यूलला अणुघड्याळाच्या तोडीची वेळ फुकट मिळते ती अशी.

म्हणजे घड्याळाची चूक कितीही मोठी असू दे, ती सगळ्या उपग्रहांत सारखी असल्यामुळे पकडली जाते. पण एकाच उपग्रहाच्या सिग्नलला उशीर झाला तर? तो उशीर रिसीव्हरला वेगळा ओळखता येत नाही. त्याला वाटतं तो उपग्रह खरंच लांब आहे. आणि उशीर व्हायला काय लागतं, तर एक चांगली गुळगुळीत भिंत.

आता आमची गल्ली बघा. टेम्पो लागतो तिथे पूर्वेला दोन मीटरवर आमची पाच मजली बिल्डिंग, म्हणजे पूर्वेचं आभाळ जवळपास पूर्ण बंद. पश्चिमेला पंचवीस मीटरचा मोकळा प्लॉट आणि त्याच्या पलीकडे आठ मजली नवीन बिल्डिंग, पूर्ण काचेची. पूर्वेला एखादा उपग्रह वर आला की त्याचा थेट सिग्नल आमच्या बिल्डिंगमुळे टेम्पोपर्यंत येत नाही. पण तोच सिग्नल आमच्या गच्चीवरून पुढे जाऊन समोरच्या काचेवर आदळतो आणि परत फिरून टेम्पोवर येतो. रिसीव्हरला सिग्नल मिळाला याचाच आनंद, तो कुठून आला ते त्याला कळायचा मार्ग नाही.

उडी झालेल्या एका रात्रीचा लॉग, म्हणजे युनिटमधली नोंद, मी लॅपटॉप जोडून घेतला. उडीच्या वेळच्या उपग्रहांच्या यादीतली पहिली ओळ अशी होती:

```
$GPGSV,2,1,06,04,35,092,24,09,70,268,43,16,46,004,41,27,44,183,40*79
```

वाचायला सोपी आहे. सुरुवातीचे तीन आकडे सोडा, ते ओळी किती आणि उपग्रह किती एवढंच सांगतात. पुढे प्रत्येक उपग्रहाचे चार आकडे: नंबर, क्षितिजापासून किती अंश वर, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने किती अंशांवर, आणि सिग्नल किती जोरात. ४ नंबरचा उपग्रह ३५ अंश वर, ९२ अंशांवर, म्हणजे सरळ पूर्वेला, आणि सिग्नल फक्त २४. बाकीचे तिघे ४० च्या वर किंवा आसपास. ३५ अंश म्हणजे चांगली उंची आहे, मोकळ्यात तो पण चाळिशीच्या आसपास दिसला असता. एवढ्या वरचा उपग्रह एवढा कमजोर दिसतो आणि त्या दिशेला भिंत आहे, म्हणजे तो थेट येतच नाहीये. हीच तपासणी प्रत्येकाने करावी, यंत्र बदलण्याआधी. अँटेना, वायरिंग किंवा आजूबाजूचा इलेक्ट्रिकल गोंधळ असता तर सगळ्यांचे आकडे एकदम पडले असते, एकट्या पूर्वेच्याचा नाही.

हिशोब पण करून बघितला. काच पंचवीस मीटरवर, सिग्नल ३५ अंशांनी येतो, तर जास्तीचा रस्ता होतो दोन गुणिले पंचवीस गुणिले ३५ अंशांचा कोसाइन, म्हणजे साधारण ४१ मीटर. वेळेत सांगायचं तर १३७ नॅनोसेकंदांचा उशीर. पण माझ्या नकाशावर टेम्पो ४१ मीटर नाही, साठ-पासष्ट मीटर सरकत होता, हे मला आधी जुळेना. मग चारही उपग्रह कागदावर मांडले. पूर्वेचा उपग्रह ४१ मीटर लांब वाटतो, म्हणून रिसीव्हर स्वतःला पश्चिमेला ढकलतो. पण पश्चिमेला सरकलं की बाकी तिघांची अंतरं बिघडतात, मग ती जुळवायला तो स्वतःला खाली नेतो आणि घड्याळ हलवतो, आणि खाली गेलं की पूर्वेचा परत बिघडतो, असं करत करत सगळं जुळतं तेव्हा उत्तर येतं साधारण ६५ मीटर पश्चिमेला आणि ९५ मीटर खाली. लगेच लॉगमध्ये उंची बघितली. उडीच्या आधी ६१२ मीटर, उडीनंतर ५१८. नकाशावर उंची दिसत नाही म्हणून इतके दिवस कोणी बघितलीच नव्हती. टेम्पो जमिनीच्या खाली जाऊ शकत नाही, एवढं एक वाक्य भावाला पटवायला पुरलं.

एक गोष्ट अजून महत्त्वाची आहे. त्या वेळी हिशोबात फक्त चारच उपग्रह होते, आधी पाच होते पण पश्चिमेचा एक काचेच्या बिल्डिंगमागे मावळला. चार अज्ञात आणि चार उपग्रह असले की उत्तर नेहमी तंतोतंत जुळतं, एक उपग्रह चुकीचं सांगत असला तरी. रिसीव्हरला शंका यायला जागाच नसते. पाच असतील तर काहीतरी जुळत नाही एवढं तरी कळू शकतं, आणि नेमका चुकीचा कोण ते शोधून वगळायला सहा लागतात. म्हणून लॉगमध्ये उपग्रहांची संख्या ४ दिसली की ती पोझिशन कितीही ठाम दिसली तरी मी तिच्यावर कुणाला दोष देत नाही.

ये-जा का होते आणि किलोमीटर कसे वाढतात ते पण सांगतो. कमजोर सिग्नल कधी पकडला जातो, कधी सुटतो. पकडला की पॉइंट पश्चिमेला, सुटला की जुन्या जागी. आमचा ट्रॅकिंगचा प्लॅटफॉर्म, म्हणजे नकाशा आणि रिपोर्ट दाखवणारं सॉफ्टवेअर, दर दहा सेकंदांनी पॉइंट घेतो आणि दोन पॉइंटमधलं अंतर भागिले वेळ असा स्पीड काढतो, म्हणजे ६५ मीटर दहा सेकंदांत, ताशी २३-२४ किलोमीटर. बरोबर गल्लीत टेम्पो चालवल्यासारखा स्पीड. असे वीस हेलपाटे झाले की अडीच किलोमीटर.

लॉग बघताना एक चूक मी पण केली, ती टाळा. युनिटच्या लॉगमधली वेळ आपली नसते, जागतिक असते, त्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. पहाटे २:४१ ची उडी लॉगमध्ये आदल्या तारखेला २१:११ ला सापडते. मी पहिले दोन दिवस चुकीच्या तारखेचीच पानं चाळत बसलो.

उपाय काय केले ते आता. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे जागा बदलणं. टेम्पो बारा-पंधरा मीटर पुढे, गल्लीच्या तोंडाशी लावला, तिथे पूर्वेचं आभाळ मोकळं आहे. आठ-नऊ उपग्रह हिशोबात यायला लागले आणि पॉइंट चार-पाच मीटरच्या आत स्थिर. पण ती जागा रोज मिळत नाही, म्हणून युनिटच्या सेटिंगमध्ये पण बदल केले. किती अंशांखालचे उपग्रह धरायचे नाहीत अशी एक सेटिंग असते, बरेच जण तीच आधी वाढवतात, पण इथे तिचा उपयोग नाही कारण आपला चुकार उपग्रह ३५ अंशांवर आहे, त्याला वगळेपर्यंत वाढवली तर इतर चांगले उपग्रह पण हातचे जातील. त्याऐवजी सिग्नलच्या जोराची किमान मर्यादा ३० केली. २४ वाला बाद झाला, उरले तीन, तिघांवर पूर्ण पोझिशन निघत नाही, म्हणून तेवढा वेळ युनिट शेवटचा पॉइंट धरून बसतं. उभ्या गाडीला तेच हवंय. याचा तोटा म्हणजे दाट झाडीत किंवा पावसात भिजलेल्या ताडपत्रीखाली चांगले सिग्नल पण तिशीच्या खाली जातात आणि मग चालत्या गाडीचे पॉइंट गाळले जातात, त्यामुळे मर्यादा एकदम ३५ वगैरे करू नका.

दुसरा बदल इग्निशनच्या वायरचा. ती वायर आधी जोडलेलीच नव्हती, बसवताना मीच सोडली होती, आणि ही चूक माझी आहे. ती जोडली आणि चावी बंद असताना पॉइंट गोठवायचा असं सेट केलं. एक मात्र बघा, पूर्ण गोठवलं तर गाडी टोइंग करून नेली तरी कळणार नाही, म्हणून दोनशे मीटरपेक्षा जास्त सरकली आणि उपग्रह सहापेक्षा जास्त असले तरच अलर्ट, असं प्लॅटफॉर्मवर ठेवलंय.

एल५ वालं महागडं युनिट घेऊ का, असं भावाने विचारलं. एल५ म्हणजे जीपीएसचाच वेगळ्या फ्रिक्वेन्सीवरचा नवीन सिग्नल, आणि त्याचा कोड, म्हणजे वेळ मोजायला सिग्नलवर चढवलेली खुणांची माळ, नेहमीच्या एल१ सिग्नलच्या कोडपेक्षा दहा पट बारीक आहे. एल१ मध्ये कोडचा एक तुकडा २९३ मीटर लांबीचा, एल५ मध्ये २९ मीटरचा, म्हणून थेट सिग्नल आणि ४१ मीटर उशिरा आलेला परावर्तित सिग्नल एल५ ला वेगळे ओळखता येतात. थेट आणि परावर्तित दोन्ही येत असतील तिथे फरक नक्की पडतो. पण आमच्याकडे थेट सिग्नल येतच नाही, मग वेगळं ओळखायला दुसरं काही उरतच नाही. या जागेसाठी तो खर्च मी नको म्हटलं.

ज्यांच्याकडे हा त्रास दोन-अडीच महिन्यांनी आपोआप बंद झाला आणि पुढे परत आला, त्यांच्यासाठी: रोज चार मिनिटं म्हणजे महिन्याला दोन तास. पावणेतीनची उडी सरकत सरकत रात्री साडेदहाच्या आधी गेली की त्या वेळी टेम्पो गल्लीत नसतोच, म्हणून दिसत नाही. मधे युनिट बदललेलं असेल तर श्रेय नवीन युनिटला जातं. फिरून पहाटे चारच्या आत आली की परत तेच. म्हणून बरं झालं असं म्हणण्याआधी गाडी त्याच जागी, त्याच वेळेला उभी होती का ते बघा.

सेटिंग बदलून आता तीन आठवडे झाले. गल्लीत लागलेल्या रात्रींचे सगळे रिपोर्ट शून्य किलोमीटर आहेत. वहीतल्या तारखा, उंचीचा आकडा आणि ती एक ओळ, तिन्ही भावासमोर ठेवली, त्याने मामांचे कापलेले पैसे दुसऱ्याच दिवशी परत दिले.